विश्लेषण : निबंधाला 10 पैकी 6 मिळाले, पण सुधारायचं काय? कच्च्या लेखनावरचा अभिप्राय नुसत्या गुणांपेक्षा जास्त उपयोगी का ठरतो?

निबंधाच्या वह्या तपासून परत आल्या की वर्गात काय होतं, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. वही उघडायची, लाल शाईतला आकडा बघायचा, शेजारच्याचा आकडा विचारायचा आणि वही दप्तरात टाकायची. आकड्याखाली 'छान', 'ठीक' किंवा 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे' असा शेरा असतो. तो वाचून निबंध पुन्हा लिहायला कुणी बसत नाही. पुढचा निबंध वेगळ्याच विषयावर असतो आणि त्यात त्याच चुका पुन्हा होतात.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये जाहीर झालं. त्यात प्रगतिपुस्तक 'समग्र' असावं, त्यात गुणांपलीकडची माहिती असावी, विद्यार्थ्यानं स्वतःचं आणि वर्गमित्रांनी एकमेकांचंही मूल्यमापन करावं, असं म्हटलं आहे. दुसरीकडे 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा पुन्हा घेता येऊ लागल्या आणि महाराष्ट्रानं त्या सुरूही केल्या. त्यामुळे गुण हवेत की अभिप्राय, हा वाद पुन्हा निघाला आहे. पण लेखनाच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे. अभिप्राय कधी दिला जातो आणि त्यानंतर विद्यार्थ्याला काय करायला मिळतं, यावर त्याचा उपयोग ठरतो.

गुण आणि अभिप्राय एकत्र दिले तर?

बहुतेकांना वाटेल की गुणही द्यावेत आणि सोबत सविस्तर अभिप्रायही द्यावा, म्हणजे दोन्हींचा फायदा मिळेल. संशोधनाचे निष्कर्ष मात्र उलटे आहेत.

इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी 1988 मध्ये शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. मुलांना काही कामं देऊन त्यांचे तीन गट केले. एका गटाला फक्त गुण मिळाले, दुसऱ्याला फक्त लेखी टिप्पणी आणि तिसऱ्याला गुण व टिप्पणी दोन्ही. नंतर त्यांना पुन्हा तशीच कामं दिली. टिकून राहणारी सुधारणा फक्त टिप्पणी मिळालेल्या गटात दिसली. दोन्ही मिळालेला गट टिप्पणीवाल्या गटाइतका सुधारला नाही. म्हणजे गुण शेजारी येताच टिप्पणीचा परिणाम पुसला गेला. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचा कामातला रस गुणांमुळे जास्त कमी झाला.

यात एक अडचण आहे. बटलर यांनी दिलेली कामं निबंधाची नव्हती, तर शब्द तयार करणं आणि वेगवेगळ्या कल्पना सुचवणं अशा स्वरूपाची होती. त्यामुळे हे निष्कर्ष थेट निबंधाला लावता येतील का, अशी शंका रास्त आहे.

त्या शंकेचं बरंचसं उत्तर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासातून मिळतं. अनास्तासिया लिपनेविच आणि जेफ्री स्मिथ यांनी 464 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून परीक्षेचा भाग म्हणून निबंध लिहून घेतला. मग त्या कच्च्या लेखनावर वेगवेगळ्या प्रकारचा अभिप्राय दिला आणि तोच निबंध सुधारून लिहायला सांगितला. काहींना काहीच अभिप्राय नव्हता, काहींना त्यांच्या लेखनातल्या नेमक्या जागांवर सविस्तर अभिप्राय होता. काहींना तात्पुरते गुण सांगितले, काहींना नाही. काहींचं कौतुकही केलं.

सविस्तर अभिप्राय मिळालेल्यांचे निबंध सर्वांत जास्त सुधारले. पण त्यांच्यातही ज्यांना आधीच गुण कळले होते, त्यांची सुधारणा कमी झाली. गुण आणि कौतुक दोन्ही बाजूला ठेवून दिलेला नेमका अभिप्राय सर्वांत प्रभावी ठरला.

आकडा टिप्पणीला का गिळतो?

गुण हा निकाल असतो आणि निकाल लागला की काम संपतं. 10 पैकी 8 मिळालेल्या मुलीला आता काही करायची गरज वाटत नाही. 4 मिळालेल्या मुलाला वाटतं की आपल्याला निबंध जमतच नाही. दोघांचं लक्ष लेखनावरून स्वतःकडे जातं. 'या परिच्छेदात काय कमी आहे' या प्रश्नाच्या जागी 'मी वर्गात कितवा' हा प्रश्न येतो.

शिवाय आकड्यात माहिती फार थोडी असते. 6 गुण कशामुळे मिळाले, विषय नीट न कळल्यामुळे, मुद्दे विस्कळीत असल्यामुळे की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांमुळे, हे त्यातून कळत नाही. तीन मुलांना 6 गुण मिळाले असतील, तर तिघांनी पुढं करायच्या गोष्टी तीन वेगळ्या असू शकतात.

याचा अर्थ गुणच नकोत असा नाही. प्रवेश, शिष्यवृत्ती, दहावीचा निकाल यासाठी कुठेतरी आकडा लागणारच. मुद्दा एवढाच की तो लेखन पूर्ण झाल्यावर यावा. स्वयंपाक चालू असताना आमटी चाखली की मीठ वाढवता येतं. पंगत बसल्यावर फक्त नाव ठेवता येतं.

एक निबंध, दोन प्रकारची तपासणी

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण अशा वह्या कुठल्याही शाळेत सापडतील. नववीतल्या एका मुलीनं 'आमच्या गावचा आठवडी बाजार' या विषयावर लिहिलं :

'आमच्या गावात दर मंगळवारी बाजार भरतो. बाजारात खूप गर्दी असते. वेगवेगळ्या प्रकारच्या भाज्या, फळे व कपडे मिळतात. बाजारात खूप मजा येते. माझी आजी बाजारात मिरच्या विकायला बसते. पूर्वी बाजार मोठा होता. आता लोक तालुक्याला जातात. बाजार हा ग्रामीण जीवनाचा आत्मा आहे. मला बाजार खूप आवडतो.'

नेहमीच्या तपासणीत याला 10 पैकी 5 किंवा 6 गुण आणि 'छान. विस्तार हवा' असा शेरा मिळेल. शेरा चुकीचा नाही. पण मुलीनं तो मनावर घेतला तर ती काय करेल? भाज्यांच्या यादीत मेथी, वांगी, कोथिंबीर घालेल आणि बाजाराच्या महत्त्वावर आणखी दोन सुविचार लिहील. निबंध लांब होईल, चांगला होणार नाही.

आता समजा शिक्षकांनी गुण दिले नाहीत. समासात फक्त तीन गोष्टी लिहिल्या :

1. 'आजीचं वाक्य वाचून थांबलो. ती जागा कुठे धरते, किती वाजता येते, उरलेल्या मिरच्यांचं काय करते? एवढ्यावरच पाच-सहा ओळी लिही.'

2. 'पूर्वी बाजार मोठा होता, हे तुला कशावरून कळलं? आजीला विचारून लिही.'

3. 'मजा येते आणि आत्मा आहे, ही वाक्यं कुठल्याही गावच्या बाजाराला चालतील. ती काढून वाच आणि निबंधाचं काही बिघडतं का ते बघ.'

दुसऱ्या खेपेला त्याच निबंधातला मधला भाग असा होऊ शकतो :

'आजी सोमवारी रात्रीच मिरच्या निवडून पोतं भरून ठेवते. मंगळवारी उजाडायच्या आत ती मारुतीच्या देवळाजवळची जागा धरते, कारण उशीर झाला तर दिवसभर उन्हात बसावं लागतं. पूर्वी दुपारपर्यंत तिची दोन पोती संपायची. आता एक पोतं संध्याकाळपर्यंत पुरतं. तालुक्याची एसटी बाजाराच्या दिवशीच जास्त भरून जाते, असं ती म्हणते. उरलेल्या मिरच्या ती परत आणते आणि अंगणात वाळत घालते.'

दोन मसुद्यांमधला फरक वाक्यांच्या सौंदर्याचा नाही. पहिल्यात 'बाजार लहान झाला' हा दावा होता. दुसऱ्यात त्याला आधार आहे, दोन पोत्यांचं एक पोतं झालं. हे वाक्य शिक्षकांनी सांगितलेलं नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारला, उत्तर आजीकडून आलं आणि लिहिलं मुलीनं.

वर्गातल्या मूल्यमापनाचे ब्रिटनमधले अभ्यासक डिलन विल्यम यांचा एक निकष इथे उपयोगी पडतो. अभिप्राय देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त काम करावं लागलं पाहिजे. शिक्षकांनीच वाक्यं दुरुस्त करून दिली असती, तर मुलीनं ती नुसती उतरवून काढली असती.

मग शुद्धलेखनाचं काय?

वरच्या अभिप्रायात ऱ्हस्व-दीर्घाचा उल्लेख नाही, हे अनेक पालकांना खटकेल. वहीत लाल खुणा कमी दिसल्या की शिक्षकांनी नीट तपासलं नाही, असाही समज होतो.

अमेरिकेतल्या नॅन्सी सॉमर्स यांनी 1982 मध्ये 35 शिक्षकांच्या टिप्पण्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना नेमकी इथलीच गडबड दिसली. एकाच परिच्छेदात शिक्षक स्वल्पविराम दुरुस्त करायला सांगत होते आणि शेजारी 'हा भाग विस्तारून लिही' असंही म्हणत होते. विद्यार्थी गोंधळत होते. वाक्य जर बदलायचंच असेल, तर त्यातला स्वल्पविराम कशाला दुरुस्त करायचा? आणि दोन्ही सूचना समोर असतील तर माणूस सोपी सूचना आधी पाळतो. स्वल्पविराम दुरुस्त होतो, विचार तसाच राहतो.

सॉमर्स यांचं दुसरं निरीक्षण आणखी बोचरं होतं. बऱ्याच टिप्पण्या इतक्या मोघम होत्या की त्या एका विद्यार्थ्याच्या निबंधावरून उचलून दुसऱ्याच्या निबंधावर ठेवल्या तरी चालल्या असत्या, जणू शिक्का मारलेला.

म्हणून लेखन शिकवणारे बरेच जण दोन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत आशय आणि मांडणी बघायची. लेखन स्थिर झालं की दुसऱ्या फेरीत शुद्धलेखन. त्यातही प्रत्येक चूक शिक्षकांनी दुरुस्त करण्याऐवजी ओळीच्या शेजारी फक्त खूण करायची आणि 'या ओळीत दोन चुका आहेत, शोध' असं सांगायचं. व्याकरणाच्या चुका सरसकट दुरुस्त करण्याचा खरंच किती फायदा होतो, यावर तज्ज्ञांमध्ये 1996 पासून जोरदार वाद आहे. दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या बाबतीत अशी दुरुस्ती बंदच करावी, अशी भूमिका जॉन ट्रस्कॉट यांनी त्या वर्षी मांडली होती. ती सर्वांना मान्य झाली नाही, पण लाल शाई जास्त म्हणजे शिकणं जास्त, हे समीकरण तेव्हापासून गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्रात हे आधी करून झालेलं नाही का?

एका अर्थानं झालं आहे आणि त्यातून शिकण्यासारखंही बरंच आहे. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर राज्यानं 2010 मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केलं. त्यात वर्षभर चालणारं आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन, असे दोन भाग आहेत. शिक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल 'वर्णनात्मक नोंदी' कराव्यात, असंही ठरलं. कागदावर ही कल्पना वर सांगितलेल्या संशोधनाच्या बरीच जवळ होती.

प्रत्यक्षात काय झालं, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. 'वर्णनात्मक नोंदी' असं इंटरनेटवर शोधलं की विषयवार तयार नोंदींच्या याद्या मिळतात. त्यातल्या हव्या त्या नोंदी उतरवून घ्यायच्या आणि रजिस्टर पूर्ण करायचं. सॉमर्स यांनी म्हटलेला शिक्का तो हाच.

यात दोष एकट्या शिक्षकांचा नाही. नोंद करण्याची जागाच चुकली होती. ती मुलाच्या वहीत, कच्च्या लेखनाशेजारी असायला हवी होती. ती गेली रजिस्टरमध्ये. ती वाचणार होते अधिकारी आणि प्रगतिपुस्तकातून पालक. लिहिणाऱ्या मुलासाठी ती नव्हतीच. शिवाय ती सत्र संपल्यावर येत होती, जेव्हा तो निबंध पुन्हा लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे 'आपल्याकडे अभिप्रायाचा प्रयोग फसला' असं म्हणण्यापेक्षा, कच्च्या लेखनावरचा अभिप्राय मोठ्या प्रमाणावर झालाच नाही, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. नव्या समग्र प्रगतिपुस्तकापुढेही हाच धोका आहे. रकाने वाढले म्हणून अभिप्राय वाढतो असं नाही.

60 मुलांच्या वर्गात हे शक्य आहे?

शिक्षकांचा हा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. एका वहीला 5 मिनिटं धरली तरी 60 वह्यांना 300 मिनिटं, म्हणजे 5 तास लागतात. एका शिक्षकाकडे असे तीन-चार वर्ग असतात आणि वर इतर कामं असतातच.

त्यावर एक व्यवहार्य वाट पाळीची आहे. दर आठवड्याला 60 पैकी 15 वह्यांवरच सविस्तर अभिप्राय द्यायचा. त्याला सव्वा तास लागतो आणि प्रत्येक मुलाची पाळी चार आठवड्यांनी येते. उरलेल्या 45 वह्या फक्त भरभर वाचायच्या, खुणा न करता. वाचताना जी अडचण अनेकांच्या लेखनात दिसेल, ती एक कागदावर टिपायची. मग पुढच्या तासाला त्या एकाच अडचणीवर फळ्यावर काम करायचं. उदाहरणार्थ, दहा-बारा मुलांनी निबंधाची सुरुवात 'मानवी जीवनात अमुकचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' अशी केली असेल, तर नाव न घेता तशी दोन वाक्यं फळ्यावर लिहायची आणि पूर्ण वर्गाला ती बदलायला सांगायची.

यासाठी वेळापत्रकात एक गोष्ट मात्र पक्की हवी. अभिप्राय दिल्यावर पुन्हा लिहायला वर्गातच एक तास मिळाला पाहिजे. 'घरून सुधारून आणा' म्हटलं की ज्यांच्या घरी शिकलेलं माणूस आहे, त्यांचंच लेखन सुधारतं. वेळ कमीच असेल तर वर्षात आठ विषयांवर एकेकदा लिहून घेण्यापेक्षा चार विषयांवर दोनदा लिहून घेणं जास्त उपयोगाचं. अभ्यासक्रम 'पूर्ण' करण्याच्या दडपणात शाळांना हेच सर्वांत अवघड जातं.

अभिप्रायानं नुकसानही होतं का?

होतं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायाविषयीच्या अनेक जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीनं अभिप्रायाचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावलेली होती. अभिप्राय कामावरून हटून माणसावर गेला की तो निष्प्रभ होण्याची शक्यता वाढते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

'तू निष्काळजी आहेस' हा शेरा त्यामुळेच निरुपयोगी ठरतो. पण 'तू हुशार आहेस' हा शेराही फारसा कामाचा नाही. दोन्हींमधून पुढच्या मसुद्यात काय बदलायचं, ते कळत नाही. एकाच निबंधावर वीस सूचना लिहिल्या तरी तेच होतं, कारण कुठून सुरुवात करावी हेच मुलाला समजत नाही. इंग्लंडमध्ये वह्या सविस्तर तपासण्याचा अतिरेक झाल्यावर 2016 मध्ये सरकारनं नेमलेल्या एका गटानं, तपासणी अर्थपूर्ण, झेपणारी आणि उभारी देणारी असावी, असं सुचवलं. वहीत किती लिहिलं यावरून शिक्षकाचं काम मोजू नये, हा त्यामागचा रोख होता. त्याच वर्षी तिथल्या एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशननं घेतलेल्या आढाव्यात लेखी तपासणीविषयीचा दर्जेदार पुरावा अजून थोडाच असल्याचंही नोंदवलं गेलं.

अभिप्राय चालला की नाही, हे ओळखायचं कसं?

पहिलं आणि दुसरं लेखन शेजारी-शेजारी ठेवायचं. दुसऱ्यात फक्त वेलांट्या आणि उकार बदलले असतील, तर अभिप्राय पोचला नाही किंवा तो तेवढ्यापुरताच होता. एखादा परिच्छेद हलला असेल, एखादं वाक्य गळालं असेल, नवा तपशील आला असेल, तर तो पोचला. आणि पुढच्या, वेगळ्या विषयावरच्या निबंधात मुलीनं कुणी न सांगता दाव्याखाली आधार दिला, तर तो नुसता पोचला नाही, रुजला.

पालकांनाही हे घरी करता येतं. वही हातात आल्यावर 'किती मिळाले?' याऐवजी 'बाईंनी काय विचारलंय आणि तू काय बदललंस?' असं विचारून बघता येईल. त्याचं उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर मूल आळशी आहे असा निष्कर्ष काढण्याआधी एक गोष्ट तपासावी लागेल : त्याला तो निबंध पुन्हा लिहायची संधी मिळाली होती का?